जिन्यावरची अँटी-स्लिप पट्टी पुन्हा पुन्हा सुटते: आधी कारण शोधा, मग गोंद की स्क्रू ते ठरवा

ही नोंद घरातल्या जिन्याबद्दल आहे: रो-हाऊस, डुप्लेक्स किंवा बंगल्यातला आरसीसी जिना, वर पॉलिश केलेला ग्रॅनाइट, मार्बल किंवा कडप्पा. लाकडी पायऱ्यांचा भाग शेवटाकडे वेगळा दिला आहे, कारण तिथे उत्तर नेमके उलटे आहे. ओल्या, उघड्या जिन्याचा विचार इथे केलेला नाही.

लक्षणे

- पट्टीचा पुढचा कोपरा आधी उचलतो. त्यात झाडूची काडी, केस, मॉपचे धागे अडकतात आणि महिना-दोन महिन्यांत अर्धी पट्टी मोकळी होते.
- पट्टी चिकटलेली दिसते, पण मध्ये फुगे आहेत आणि पायाखाली चुरचुर आवाज येतो.
- पट्टी जागची सरकली आहे आणि कडेने काळा, चिकट गोंद बाहेर आला आहे.
- अॅल्युमिनियमचे नोजिंग, म्हणजे पायरीच्या कडेवर बसवलेली धातूची पट्टी, पाय पडला की टकटक वाजते, किंवा त्याची पुढची उभी बाजू दगडापासून सुटून राहते.
- स्क्रूने बसवलेल्या नोजिंगचे स्क्रू फिरतात पण घट्ट होत नाहीत. किंवा स्क्रूच्या भोकापासून कडेपर्यंत दगडाला बारीक तडा गेला आहे.

बहुतेक लोक यातले काहीही झाले की जास्त कडक गोंद आणतात, तोही सुटला की मिस्त्रीला बोलावून स्क्रू मारून घेतात. दगडी पायरीवर हा शेवटचा उपाय असायला हवा. गोंद वाईट निघाल्यामुळे पट्ट्या क्वचितच सुटतात. तो ज्या पृष्ठभागावर लावला तो, किंवा पट्टी जिथे बसवली ती जागा चुकलेली असते. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन तपासण्यांना फारसा खर्च नाही.

१. सुटलेली पट्टी उलटी करून बघा

पट्टी फेकून देऊ नका. तिची मागची बाजूच कारण सांगते.

गोंद पट्टीवरच आहे आणि त्यावर पिठासारखी धूळ बसली आहे, तर पायरी नीट पुसलेली नव्हती. नव्या घरात हे हमखास होते, कारण ग्राउट आणि सिमेंटची बारीक पूड पॉलिशवर डोळ्यांना दिसत नाही. गोंद पट्टीवरच आहे पण अगदी स्वच्छ आणि चकचकीत आहे, तर तो दगडाला चिकटलाच नव्हता. मध्ये मेण, सीलर, सिलिकॉन किंवा तेलकट थर आहे. गोंद दगडावर राहिला आणि नुसती वरची फिल्म हातात आली, तर दगडात दोष नाही. पट्टी जुनी झाली आहे किंवा हलक्या प्रतीची आहे. आणि गोंद दोन्हीकडे ताणल्यासारखा, मऊ लागत असेल, तर त्या पायरीवर खिडकीतून किंवा वरच्या काचेतून थेट ऊन येते का ते दुपारी जाऊन बघा. काळा ग्रॅनाइट उन्हात चांगलाच तापतो, आणि स्वस्त पट्टीचा रबरी गोंद त्यात मऊ पडून सरकतो. अशा पायरीसाठी अॅक्रिलिक गोंदाची पट्टी मागून घ्या. पाकिटावर तसे लिहिलेले असते.

२. पट्टी कुठे बसवली आहे ते मोजा

आपल्याकडे ग्रॅनाइटच्या पायरीला पुढे हाफ राउंड कड काढायची पद्धत आहे. १८ मिमी जाडीच्या दगडाची गोलाई वरच्या सपाट भागात साधारण ९-१० मिमी आत येते. पट्टी अगदी कडेला लावली की तिचा पुढचा भाग गोलाईवर वाकतो. फिल्म सरळ होऊ पाहते आणि गोंदाला सतत ओढत राहते. वरून उतरणाऱ्याचा पाय नेमका तिथेच घासतो. कोपरा उचलण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच आहे.

पायरीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि ती जिथून दगडाला टेकायला लागते तिथे पेन्सिलने खूण करा. त्या खुणेच्या ५ मिमी मागून चिकटपट्टी सुरू व्हायला हवी. मात्र फार मागेही जाऊ नका. उतरताना पायाचा चवडा कडेजवळच टेकतो, त्यामुळे पट्टीचा बराचसा भाग कडेपासून पहिल्या ५०-६० मिमीच्या आत पडला पाहिजे. भिंतीला समांतर दिसावी म्हणून १०० मिमी मागे लावलेली पट्टी शोभेची ठरते.

इथेच दुसरी चूकही सापडते. पायरी दोन तुकड्यांची असेल तर पट्टी सांध्यावरून सलग नेलेली असते. सांध्यातून पुसण्याचे पाणी गोंदाखाली शिरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ३-३ मिमी सोडून पट्टी कापा. चारही कोपरे कात्रीने गोल करा, एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी गोलाई पुरते. टोकदार कोपरा झाडूला सापडतो, गोल कोपरा सापडत नाही.

३. पाण्याच्या थेंबाची चाचणी

पट्टी लावायच्या जागी तळहाताएवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने (औषधांच्या दुकानात मिळते) पांढऱ्या कापडाने पुसा, पाच मिनिटे सुकू द्या. मग त्या भागावर एक थेंब पाणी आणि शेजारच्या न पुसलेल्या भागावर एक थेंब टाका. न पुसलेल्या भागावर थेंब गोळी होऊन उभा राहिला आणि पुसलेल्या भागावर पसरला, तर दगडावर मेणाचा किंवा फ्लोअर क्लीनरचा थर होता आणि तो निघतो आहे. पूर्ण जागा पुसली की काम होईल. दोन्हीकडे थेंब गोळीच राहिला, तर दगडात सीलर मुरलेला आहे किंवा आधीच्या मिस्त्रीने सिलिकॉन लावले होते. पुसल्यावर कापडावर मळ आला का तेही बघा.

सिलिकॉनचा थर राहिला असेल तर त्यावर दुसरा कुठलाही गोंद बसत नाही, नवे सिलिकॉनही नीट धरत नाही. ग्रॅनाइटवरून ते जुने ब्लेड आडवे धरून खरवडता येते. मार्बल मऊ असल्याने तिथे प्लास्टिकची पट्टी वापरा.

जुना गोंद काढायला केस वाळवायच्या ड्रायरने पट्टी कोमट करा आणि पृष्ठभागालगत हळूहळू मागे ओढा. राहिलेला गोंद रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने निघतो, पण गफलत पुढे होते: रॉकेल पुसून लगेच नवी पट्टी लावतात. रॉकेल तेलकट थर मागे ठेवते. त्यानंतर भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने धुणे, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसणे आणि शेवटी अल्कोहोलने पुसणे, हे तिन्ही करावे लागते. मार्बलवर टॉयलेट क्लीनर किंवा कुठलेही अॅसिड वापरू नका, पॉलिश जागीच उडते.

४. नीट चिकटवून एका पायरीवर आठवडाभर बघा

सगळ्या पायऱ्या एका दमात करू नका. जी पट्टी सगळ्यात आधी सुटते ती पायरी घ्या.

कागद पूर्ण सोलून पट्टी वरून टाकली की हवा आत अडकते. पहिले ५० मिमी सोला, एका टोकाला बसवा, मग एका हाताने कागद ओढत दुसऱ्या हाताने दाबत पुढे जा. नंतर रबरी रोलरने, नसेल तर जुन्या लाटण्याने, मधून कडेकडे जोर देऊन फिरवा. हा गोंद दाबावरच धरतो. बोटाने चेपून दिलेली पट्टी चिकटल्यासारखी भासते, पण दगडाच्या बारीक खडबडीत भागात गोंद उतरलेला नसतो. पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर त्या पायरीवर ओले मॉप नको. पावसाळ्यात दगडावर ओल धरते. पट्टी लावण्याआधी तासभर पंखा लावून पायरी सुकवा. कापड दाबून धरल्यावर ते दमट लागत असेल तर त्या दिवशी काम करू नका.

आता पट्टी कुठली घ्यायची? बाजारात काळी, खरखरीत पट्टी सर्रास मिळते. तिच्यावर सँडपेपरसारखे दाणे असतात. दुकान, ऑफिस, बुटांचा वावर यासाठी ती उत्तम आहे. घरात अनवाणी चालणाऱ्यांना ती टोचते, रांगणाऱ्या मुलाचे गुडघे सोलते आणि मॉपचे धागे तिच्यात अडकून तिलाच ओढतात. अनवाणी वापरासाठी दाणे नसलेली, रबरासारखी उठावाची पट्टी मिळते. पकड थोडी कमी असते, पण घरात ती टिकते आणि साफ होते. रंगही बघा. काळ्या ग्रॅनाइटवर काळी पट्टी वयस्कर डोळ्यांना दिसतच नाही. करडी किंवा पिवळी रेघ कड दाखवते, आणि निम्मे काम तेवढ्यानेच होते.

उदाहरणादाखल एक जिना घेऊ: ९०० मिमी रुंद, खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत १८ उंच्या. त्यात १७ पायऱ्या आणि १८वी कड म्हणजे वरच्या मजल्याची फरशी. ही १८वी कड लोक हमखास विसरतात, आणि उतरताना पहिला पाय तिथूनच सुटतो. दोन्ही बाजूंना ५० मिमी सोडून प्रत्येक पट्टी ८०० मिमीची. ५ मीटरच्या रोलमधून सहा पट्ट्या निघतात, म्हणजे तीन रोल बरोबर पुरतात. एखादी वाकडी कापली जाईल म्हणून चौथा रोल घ्या. रुंदी ५० मिमीची घ्या, २५ मिमीची पट्टी पायाला नीट सापडत नाही.

आठवडाभराने या एका पायरीची पट्टी तशीच राहिली, तर बाकी सतरा जागा याच पद्धतीने करा आणि पुढचे काही वाचायची गरज नाही.

५. पायरी वाजवून बघा

एवढे करूनही पट्टी सुटली, किंवा अॅल्युमिनियमचे नोजिंग लावायचे असेल, तर आधी दगड घट्ट आहे का ते तपासा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने किंवा नाण्याने कडेपासून मागे टोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द येतो. पुढे आलेल्या २०-२५ मिमी कडेखाली मुळात काही नसते, त्यामुळे तिथला आवाज धरू नका. उभ्या रायजरच्या रेषेच्या मागे ऐका.

रायजरच्या मागे हाताच्या पंज्याएवढा भाग बद्द वाजत असेल, किंवा पाय दिल्यावर दगड हलत असेल, तर इथेच थांबा. दगडाखालचा मसाला सुटला आहे. त्यावर पट्टी लावून उपयोग नाही आणि स्क्रू मारला तर दगड फुटेल. फरशीचे काम करणाऱ्या मिस्त्रीकडून दगड पुन्हा बसवून घ्या. सांध्यांतून पांढरे क्षार येत असतील तर त्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे लागेल. जिन्याखाली टॉयलेट किंवा पाण्याची टाकी असेल तर सुरुवात तिथून करा.

६. अॅल्युमिनियम नोजिंग गोंदाने

नोजिंग घेताना कडेचा आकार बघा. एल आकाराचे प्रोफाइल मशीन-कट सरळ कडेसाठी बनवलेले असते. हाफ राउंड कडेवर ते टेकते फक्त दोन रेघांवर आणि मध्ये पोकळी राहते. लक्षणांमधले टकटक वाजणे याचेच. गोल कडेवर एल प्रोफाइल कोणताही गोंद धरून ठेवत नाही. तिथे रबरी किंवा पीव्हीसी पट्टी घातलेले सपाट अॅल्युमिनियम प्रोफाइल वापरा आणि ते गोलाईच्या मागे बसवा.

गोंदासाठी पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरची नळकांडी घ्या. दोन ट्यूबचा इपॉक्सी भरभक्कम असतो, पण वाळल्यावर कडक होतो. सतत पाय पडून धातू किंचित लवला की इपॉक्सी एका टोकापासून सोलत जातो आणि पुढे काढायचे ठरले तर पॉलिशसकट निघतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मार्बलवर कधीही नको. त्यातले आम्ल दगड खाते, आणि साधे सिलिकॉन कडेने तेलकट डाग सोडते. सिलिकॉनच वापरायचे असेल तर न्यूट्रल लिहिलेले घ्या.

वरच्याच जिन्यासाठी हिशेब असा: १० फुटी पट्टीतून ९०० मिमीचे तीन तुकडे निघतात, म्हणजे १८ कडांना सहा पट्ट्या. प्रत्येक तुकडा भिंतीकडे आणि कठड्याकडे २-२ मिमी कमी ठेवा, म्हणजे ८९६ मिमी. नोजिंगखाली ५ मिमी जाडीच्या गोंदाच्या दोन रेघा ओढल्या तर एका तुकड्याला सुमारे ३५ मिली लागतो, सगळ्यांना मिळून ६३० मिलीच्या आसपास. ३०० मिलीच्या तीन नळकांड्या घ्या.

रेघा सलग ओढू नका, दर १०० मिमीला बोटभर जागा सोडा. हे गोंद हवेतल्या ओलाव्यावर वाळतात आणि कडेकडून आत वाळत जातात, दिवसाला साधारण २-३ मिमी. सगळीकडे थापलेला गोंद मध्ये आठवडाभर ओला राहतो. नोजिंग दाबून मास्किंग टेपने बांधा, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा, आणि किमान २४, जमल्यास ४८ तास पाय देऊ नका. त्या दोन दिवसांत घरातल्या वयस्कर माणसांची सोय खालच्या मजल्यावरच करा. एकाआड एक पायरी ओलांडून त्यांनी चढणे यापेक्षा जुना घसरडा जिना बरा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. नोजिंग ४-५ मिमी जाड असेल आणि ते फक्त काही पायऱ्यांवर लावले, तर त्या पायऱ्यांची उंची बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. पाय उंचीचा अंदाज पहिल्या दोन पायऱ्यांवर घेतो आणि मग डोळे न लावता चालतो. तेवढ्या फरकानेही ठेच लागते. लावायचे तर सगळ्या कडांना, वरच्या मजल्यासकट.

७. स्क्रू: दगडात जपून, लाकडात बिनधास्त

दगडी पायरीत स्क्रू मारायची वेळ दोनच प्रसंगी येते: दगडात सीलर इतका मुरला आहे की गोंद धरतच नाही, किंवा जिन्यावर सामान चढवण्याचा वावर फार आहे. तेव्हा हे पाळा.

भोक रायजरच्या रेषेच्या मागे, कडेपासून किमान ४० मिमीवर हवे. पुढे आलेल्या कडेत भोक पाडले की खाली आधार नसल्याने दगड तडकतो. वर सांगितलेला तडा बहुतेक वेळा याच जागेचा असतो. सुरुवातीला ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. ६ मिमी डायमंड बिटने पाणी शिंपडत दगड पार करा, मग साध्या मेसनरी बिटने खालच्या काँक्रीटमध्ये जा. स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी दगडात अडकून राहू नये, ती दगडाच्या खाली काँक्रीटमध्ये उतरवा. स्क्रू आवळला की गिट्टी फुगते, आणि ती दगडातच असेल तर आतून पाचरीचे काम करते. म्हणून १८ मिमी दगड आणि खालचा मसाला धरून स्क्रू किमान ६०-६५ मिमी लांब लागतो. नुसता ३५ मिमीचा स्क्रू मसाल्यातच संपतो आणि वर्षभरात फिरायला लागतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, साध्या लोखंडी स्क्रूचा गंज पुसण्याच्या पाण्याबरोबर दगडात उतरतो आणि तो तपकिरी डाग जात नाही. डोके नोजिंगच्या पातळीखाली बसले पाहिजे, बोट फिरवून बघा. ९०० मिमीच्या तुकड्याला चार स्क्रू पुरतात, टोकांपासून ६०-७० मिमी सोडून. खाली गोंदाच्या रेघा तरीही ओढा, नाहीतर दोन स्क्रूंच्या मधला भाग वाजतो.

लाकडी पायरीवर क्रम उलटा. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पॉलिशचा थर नुसत्या गोंदाबरोबर निघून येतो. तिथे स्क्रूच हवा: ८ नंबरचा, २५ मिमी, आधी ३ मिमीचे भोक पाडून, दर २०० ते २५० मिमीला. पायरी ३० मिमी जाडीची असेल तर हा स्क्रू खालून बाहेर येत नाही. १९ मिमी प्लायवूडची असेल तर १६ मिमीचा घ्या.

कधी थांबायचे

पायरीत किंवा रायजरमध्ये छोटे दिवे असतील तर स्वतः ड्रिल लावू नका. वायरची नळी मसाल्यातून कुठे गेली आहे ते बाहेरून दिसत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून मार्ग खात्रीने कळला तरच भोक. कठड्याचे खांब पायरीच्या दगडात रोवलेले असतील आणि हलत असतील, तर नोजिंगचा विचार बाजूला ठेवून आधी फॅब्रिकेटरकडून खांब पक्के करून घ्या. दगडाला आरपार तडा असेल तर तो दगड बदलावाच लागतो, तड्यावर नोजिंग लावून तो लपतो आणि वाढत जातो.

आणि वरचे सगळे नीट करूनही पट्टी तीन महिन्यांत सुटत असेल, तर पट्टीचा नाद सोडून ग्रॅनाइटवाल्या मिस्त्रीकडून खाचा मारून घ्या. प्रत्येक पायरीला तीन रेघा, ३ मिमी रुंद, २-३ मिमी खोल, पहिली कडेपासून १५ मिमीवर आणि पुढच्या १०-१२ मिमीच्या अंतराने, दोन्ही टोकांना ५० मिमी सोडून. त्याला आधी सांगा की खोली ३ मिमीपेक्षा वाढवायची नाही, कारण पुढे आलेली कड तेवढीच पातळ होते. कटरची धूळ घरभर जाते, म्हणून पाणी मारत काम करवून घ्या आणि दारांना ओले कापड लावा. ओल्या पायावर खाचा पट्टीइतकी पकड देत नाहीत, शिवाय त्यात मळ साचतो. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने त्या घासाव्या लागतात.